बाप न्यू जर्सीत, पोटगीचा अर्ज बुलढाण्यात

आजचा भाग नेहमीसारखा टेकवर नाही. गेली पाच-सहा वर्षं आमच्या घरात जे चाललंय त्याबद्दल बोलणार आहे. ताईला विचारलं, तिनं दोन अटी घातल्या. तिचं आणि पोराचं नाव घ्यायचं नाही, आणि दाजींना शिव्या घालायच्या नाहीत. दोन्ही पाळतो. दाजींचं नाव, त्यांची कंपनी, आमचं गाव, काहीच सांगणार नाही. गाव घाटावरचं आहे एवढं पुरे. बुलढाणा जिल्ह्यातल्यांना घाटावर म्हणजे काय ते कळतं.

दाजी माझ्यासारखेच इंजिनिअर. पुण्याच्या कंपनीत होते, २०१८ साली एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीला गेले. ताई आणि दोन वर्षांचा भाचा नंतर जाणार होते. ते नंतर कधी आलंच नाही. ऑगस्ट २०१९ पासून पैसे यायचे थांबले, मग फोनही. वर्षभरात कळलं की तिकडे वेगळं बिऱ्हाड आहे. त्या भागात मी शिरत नाही. नवरा-बायकोचं पटलं नाही तर नाही पटलं. पण पोराला वह्या लागतात, दूध लागतं, व्हॅनचे पैसे लागतात.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ताईनं तालुक्याच्या कोर्टात पोटगीचा अर्ज टाकला. आमच्याकडे लोक खावटी म्हणतात. तेव्हा तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होता. १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता आली, तेच कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. बायको-मूल जिथे राहतात तिथल्या कोर्टात हा अर्ज करता येतो, नवरा अमेरिकेत असो की आफ्रिकेत. धर्म कोणताही असो, हे कलम सगळ्यांना लागू होतं. इथपर्यंत सोपं आहे.

पहिली अडचण पगाराची आली. कोर्ट विचारतं, तो कमावतो किती? तो माणूस सात समुद्रापार, त्याची सॅलरी स्लिप कोण देणार? इथे माझा धंदा कामी आला. अमेरिकेत एच-वन-बीवर माणूस ठेवायचा तर कंपनीला तिथल्या कामगार खात्याकडे एक अर्ज करावा लागतो. कोणत्या हुद्द्याला, कोणत्या शहरात, किती पगार देणार हे त्यात लिहावं लागतं. हे सगळे अर्ज ते खातं एक्सेल फाइलमध्ये जाहीर करतं. त्यात माणसाचं नाव नसतं, पण कंपनी, हुद्दा, गाव आणि पगार असतो. दाजींच्या लिंक्डइनवर कंपनी आणि हुद्दा होताच. मी फाइल उतरवली, फिल्टर लावला, त्या कंपनीच्या त्या शहरातल्या त्या हुद्द्याच्या ओळी छापल्या. तो एका माणसाचा पुरावा नाही, हे आम्हीच वकिलांना सांगितलं. पण समोरून काहीच येत नसताना कोर्टाला अंदाज बांधायला ते पुरलं.

याच सुमाराला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, आणि तो आपल्या विदर्भातला. ‘रजनेश विरुद्ध नेहा’, ४ नोव्हेंबर २०२०. प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेलं. त्यात न्यायालयानं पोटगीच्या सगळ्या खटल्यांसाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी मिळकत आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं, त्याचा नमुनाच निकालाला जोडलाय. त्यात परदेशात राहणाऱ्यांसाठी वेगळा भाग आहे. नागरिकत्व काय, नोकरी कुठे, परकीय चलनात पगार किती, तिथला खर्च किती, कर किती. आणि दुसऱ्याच्या उत्पन्नाबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते लिहायलाही जागा आहे. माझी एक्सेल तिथे गेली. दुसरी मोठी गोष्ट, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, निकालाच्या तारखेपासून नाही. त्यामुळे मध्ये लॉकडाऊनमध्ये गेलेली दोन वर्षं ताईची बुडाली नाहीत.

डिसेंबर २०२१ मध्ये निकाल लागला. एकतर्फी, कारण दाजी आलेच नाहीत. मुलासाठी महिन्याला १२,००० रुपये, नोव्हेंबर २०१९ पासून. बाबांनी पेढे आणले. आई म्हणाली, “काहून पेढे? पैसा आला का?” आई बरोबर होती.

आता हा निकाल न्यू जर्सीपर्यंत न्यायचा कसा?

मला वाटायचं, इंटरपोल नावाची काहीतरी चीज असते, वकिली असते, ती लोकं बघून घेतील. तसं नसतं. दुसऱ्या देशाचं कोर्ट आपल्या कोर्टाचा कागद आपोआप मानत नाही. तो मानावा म्हणून दोन देशांत काहीतरी करार लागतो. पोटगीसाठी असे दोन मोठे जागतिक करार आहेत. एक संयुक्त राष्ट्रांचा, १९५६ चा. पाकिस्तान आणि श्रीलंका त्यात आहेत, आपण नाही. दुसरा हेगचा, २३ नोव्हेंबर २००७ चा. या करारातल्या प्रत्येक देशात एक सरकारी कार्यालय असतं. आईनं आपल्या देशातल्या कार्यालयात अर्ज द्यायचा, ते दुसऱ्या देशातल्या कार्यालयाला पाठवतं, आणि ते लोक बापाला शोधून वसुली करतात. अमेरिकेत हा करार १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. पोर्तुगालमधल्या किंवा पोलंडमधल्या आईला हे दार उघडं आहे. भारतानं त्यावर सही केलेली नाही, म्हणून बुलढाण्यातल्या आईला नाही.

आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही असंही नाही. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टानं नीरजा सराफ प्रकरणात सरकारला सुचवलं होतं की परदेशी नवऱ्यांविरुद्धचे आपले निकाल तिकडे अमलात यावेत म्हणून करार करा. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.

ब्रिटनचं मात्र वेगळं आहे, म्हणून तिकडे कुणी असेल तर कान द्या. इंग्रजांच्या काळात, १९२० साली त्यांनी आणि १९२१ साली इथे, एकमेकांचे पोटगीचे हुकूम चालवायचे कायदे झाले. साहेब लोकांच्या बायका इकडे-तिकडे अडकायच्या, त्यांच्यासाठी. पण धागा राहिला. ब्रिटनमध्ये आजही ‘रेमो’ नावाची व्यवस्था आहे, तिच्या देशांच्या यादीत भारत आहे, आणि लंडनमध्ये तिचं वेगळं कार्यालय आहे. बाप लंडनला असता तर आमची गोष्ट निराळी झाली असती. म्हणजे पहिला प्रश्न कायद्याचा नसतोच. बाप नेमका कोणत्या देशात आहे, आणि अमेरिका असेल तर कोणत्या राज्यात, हा पहिला प्रश्न. अमेरिकेत कौटुंबिक कायदा राज्याचा असतो.

तर न्यू जर्सी. २०२२ भर आम्ही चुकीच्या दारावर टकटक करत होतो. बाबांचा एकच धोशा, पासपोर्ट जप्त करा. पासपोर्ट कायद्याच्या कलम १० मध्ये तशी तरतूद आहे खरी. कोर्टाचं वॉरंट किंवा समन्स निघालेलं असेल तर पासपोर्ट अधिकारी पासपोर्ट जप्त करू शकतात. अर्जाचा मसुदासुद्धा तयार होता. पण ताई अडून बसली. ती म्हणाली, “पासपोर्ट गेला तर व्हिसा जाईल, व्हिसा गेला तर नोकरी जाईल. मग बाराशे तरी कोण देईल? मला त्याला परत आणायचं नाहीये. माझ्या पोराचे पैसे पाहिजेत.” त्या रात्री बाबा जेवले नाहीत. आज मला वाटतं, आमच्या सगळ्यांत हिशोब तिलाच नीट कळत होता. जो माणूस पळून-लपून राहतो, कुठे काम करतो तेच माहीत नाही, त्याच्यासाठी पासपोर्टचा रस्ता ठीक असेल. ज्याचा पगार दर पंधरा दिवसांनी बँकेत पडतो, त्याची नोकरी आपणच घालवणं शहाणपणाचं नाही.

मग मी वाचायला बसलो. रिलीज नसलेल्या शनिवार-रविवारी. अमेरिकेत सगळ्या राज्यांनी मिळून केलेला एक सारखा कायदा आहे, युनिफॉर्म इंटरस्टेट फॅमिली सपोर्ट ॲक्ट. मूळ हेतू असा, की आई टेक्साससारख्या एका राज्यात आणि बाप न्यू जर्सीसारख्या दुसऱ्या राज्यात असला तरी पोराचे पैसे अडू नयेत. पण त्यात ‘राज्याबाहेर राहणारी व्यक्ती’ याची व्याख्या रुंद आहे. राज्याबाहेर म्हणजे अमेरिकेतलं दुसरं राज्य, किंवा दुसरा कोणताही देश, मग त्या देशाशी करार असो वा नसो. आणि जिथे मान्य करण्यासारखा जुना हुकूम नाही, तिथे बाहेर राहणाऱ्या व्यक्तीच्या अर्जावर तिथलं कोर्ट नवीन हुकूम देऊ शकतं.

हे मी तीनदा वाचलं. म्हणजे आम्ही आमचा निकाल उचलून तिकडे नेण्याच्या मागे होतो, आणि रस्ता उलटा होता. ताईनंच न्यू जर्सीच्या कोर्टात पोटगी मागायची. तिथल्या कोर्टाचा दाजींवर अधिकार आहे का, हा वादच नाही, कारण ते तिथेच राहतात. आणि अर्जदारानं स्वतः हजर राहायची सक्ती हा कायदा करत नाही. राज्याबाहेरच्या माणसाला फोनवर किंवा व्हिडिओवर साक्ष देऊ द्यावी असं त्यात स्पष्ट लिहिलंय. व्हिसा नको, विमान नको.

तरी आमच्या निकालाचा हट्ट आम्ही सोडला नव्हता, कारण मागची थकबाकी त्यात होती. नोव्हेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२४ म्हणजे बावन्न महिने. बारा हजारांनी ६ लाख २४ हजार. करार नसला तरी तिथलं कोर्ट दुसऱ्या देशाच्या कोर्टाचा मान राखून निकाल मान्य करू शकतं. पण सक्ती नाही, ते त्यांच्या मनावर. आणि मान्य करण्याआधी ते एक प्रश्न हमखास विचारतात. या माणसाला खटल्याची नोटीस पोचली होती का, बोलायची संधी मिळाली होती का?

इथे आम्ही मार खाल्ला. आमचं समन्स दाजींच्या इथल्या घरावर, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या दारावर चिकटवलं होतं. शेवटचा माहीत असलेला पत्ता तोच. शिवाय ताईनं त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, निळ्या टिक्सही आल्या. इथे एकतर्फी निकाल द्यायला ते चाललं. तिकडे नाही. आमच्या तिथल्या वकीलबाईंनी फाइल चाळली आणि पहिलं वाक्य हेच विचारलं, “अमेरिकेत समन्स बजावल्याचा कागद कुठे आहे?” तो नव्हताच.

खरं तर परदेशात समन्स पाठवायची रीत ठरलेली आहे. हेगचाच एक वेगळा करार आहे, १९६५ चा, फक्त कागद बजावण्यासाठी, आणि त्यात भारत आहे, २००७ पासून. दिवाणी दाव्याचं समन्स दिल्लीत विधी व न्याय मंत्रालयाकडून जातं, ठरावीक नमुना भरून. तिकडे ते माणसाच्या हातात दिलं जातं आणि तसं प्रमाणपत्र परत येतं. महिने जातात, पण त्या प्रमाणपत्राची किंमत पुढे कळते. आमचा अर्ज होता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणजे कागदोपत्री फौजदारी बाजूला. आमच्या वकिलांच्या मते तो गृह मंत्रालयामार्फत जायला हवा होता. त्या वेळी कुणी आग्रह धरला नाही, आम्हीही नाही. लवकर निकाल पाहिजे होता ना.

आणखी एक गंमत. आमच्या निकालाच्या इंग्रजी भाषांतरावर वरतीच ‘क्रिमिनल’ शब्द. वकीलबाई म्हणाल्या, हा गुन्ह्याचा खटला आहे का? समजावता समजावता तासभर गेला. बाप परदेशात आहे हे आधीच माहीत असेल, तर आज मी कलम १४४ च्या बरोबरीनं दुसरा रस्ताही वकिलाला विचारीन. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६, कलम २०. त्याखाली मूल, आईमार्फत, दिवाणी दावा करू शकतं. बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही तो कायदा लागू होतो. दिवाणी कोर्टाची पैशाची डिक्री परदेशी कोर्टाला ओळखीची वाटते. लवकर हातात काहीतरी पडावं म्हणून १४४, आणि तिकडे न्यायला दिवाणी, असं दोन्ही चालतं. फक्त एका ठिकाणी काय मिळालं ते दुसऱ्या ठिकाणी लपवायचं नाही. रजनेश निकालात तेही बजावलंय.

वकीलबाई कशा मिळाल्या ते सांगतो, कारण खूप जण इथेच अडतात. न्यू जर्सीच्या सरकारी बालपोटगी खात्याला आधी लिहिलं. करार नसलेल्या देशातल्या अर्जदाराचं काम घेणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. त्यांनी घेतलं नाही. मग तिथल्या दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थांना मेल केले. न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ पासून आहे, इतरही आहेत. एकीकडून वकिलांची यादी मिळाली, त्यातल्या एकींनी फी हप्त्यांत घ्यायला होकार दिला. आपल्या वकिलातीकडेही परदेशात टाकून दिलेल्या बायकांच्या कायदेशीर खर्चाची एक योजना असते. ते पैसे बाईच्या हातात नाही, वकिलाला किंवा संस्थेला देतात. आम्ही अर्ज केला तोवर फी भरून झाली होती. तुम्ही आधी करा.

कागद जमवायला दोन महिने लागले. पोराचा जन्मदाखला फक्त मराठीत होता आणि त्यात बाळाचं नावच नव्हतं, ‘पुरुष’ एवढंच. बाळंतपणानंतर नाव घालायला कुणी गेलंच नव्हतं. आधी नाव घातलं, मग मराठी-इंग्रजी दाखला, मग मुंबईत राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. लग्नाच्या दाखल्याचंही तसंच. कोर्टाच्या रोजनाम्याचं भाषांतर वेगळं. त्यावर ताईचं खर्चाचं पत्रक, शाळेच्या पावत्या आणि ऑगस्ट २०१९ पर्यंत आलेल्या पैशांच्या बँक नोंदी. त्या नोंदी फार उपयोगी पडल्या. बाप मुलाला आपलं मानत होता, पैसे पाठवत होता, आणि एका महिन्यात थांबला, हे त्या एका पानावर दिसत होतं.

मार्च २०२४ मध्ये तिथे अर्ज दाखल झाला. इथून दोन वर्षांत जो कागद पोचला नव्हता, तो तिथल्या तिथे आठवड्यात त्यांच्या हातात पडला. मला त्या दिवशी हसू आलं आणि रागही आला.

सुनावणी तिकडच्या सकाळी साडेनऊला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी सातला. घाटावर संध्याकाळी सातला लाइटचा काय भरवसा? मी पुण्याहून इन्व्हर्टर घेऊन गेलो होतो. ताई काकांच्या खोलीत बसली, पाठीमागे पांढरी चादर लावली. दुभाषा कोर्टानं दिला होता. दाजी एका चौकोनात, ताई एका चौकोनात. पाच वर्षांनी दोघांनी एकमेकांना बघितलं ते असं.

त्यांच्या वकिलाचे दोन मुद्दे होते. एक, भारतातला निकाल मानू नका, आमच्या अशिलाला समन्स मिळालंच नाही. हा त्यांनी जिंकला. थकबाकीचे ६ लाख २४ हजार तिथल्या हुकुमात आले नाहीत. दुसरा, बुलढाण्यात राहायला खर्च कमी, तिथल्या तक्त्याप्रमाणे रक्कम नको. न्यू जर्सीत दोघांच्या उत्पन्नावरून पोटगीचा तक्ता असतो, पण तो तिथल्या महागाईवर बेतलेला, आणि कोर्ट कारण देऊन त्यात बदल करू शकतं. ते थोडं चाललं. हुकूम झाला महिन्याला ४५० डॉलरचा, अर्जाच्या तारखेपासून. त्या वेळच्या भावानं साधारण ३७-३८ हजार रुपये. तक्त्यानं गेलं असतं तर जास्त झालं असतं. पण इथल्या बारा हजारांच्या तिप्पट.

आता या सगळ्याचा गाभा. हुकूम झाला म्हणून दाजींनी पैसे पाठवले नाहीत. त्यांना पाठवावेच लागले नाहीत. हुकुमाबरोबर एक छापील कागद थेट त्यांच्या कंपनीच्या पेरोलला गेला, पगारातून पोटगी कापून घ्या म्हणून. आपल्याकडे पीएफ कापतात तसं. तिथल्या केंद्रीय कायद्यानं कापण्याची कमाल मर्यादा ठरवलीय. त्या माणसावर दुसऱ्या बायको-मुलांचा भार असेल तर हातात पडणाऱ्या पगाराच्या ५० टक्के, नसेल तर ६०, आणि बारा आठवड्यांहून जुनी थकबाकी असेल तर आणखी ५. कंपनीनं कापून ते राज्याच्या पैसे वाटणाऱ्या केंद्राकडे भरायचे, आणि या कारणावरून माणसाला कामावरून काढायचं नाही. दाजींच्या मनात काय आहे, त्यांची आई काय म्हणते, याच्याशी त्याचा काही संबंध उरत नाही. मी स्वतः पेरोलच्या सॉफ्टवेअरवर वर्षभर काम केलंय. त्या कपातीच्या यादीत एक ओळ वाढली की ती दर पगाराला चालते, कुणी काढेपर्यंत.

नोकरी बदलली तर? बदललीच. डिसेंबर २०२४ मध्ये पैसे थांबले. आम्हाला वाटलं संपलं. पण तिथे प्रत्येक कंपनीला नवीन माणूस घेतल्यावर २० दिवसांच्या आत राज्याला कळवावं लागतं, आणि ती नोंद देशभरच्या यादीत जाते. पोटगीच्या खात्यांशी ती यादी जुळवली जाते. दोन महिन्यांची खोट पडली, मग नव्या कंपनीच्या पगारातून कपात सुरू झाली, थोडी थकबाकी धरून. याचा अर्थ रोखीनं काम करणारा, स्वतःचा धंदा असणारा किंवा देश सोडून जाणारा माणूस या जाळ्यात सापडत नाही. आमचं चाललं कारण दाजी पगारदार आहेत.

पहिला पैसा कसा आला तेही ऐका. डॉलरचा चेक, पोस्टानं. तालुक्याच्या बँकेत तो घेऊन गेलो तर काउंटरवरच्या माणसानं चेक उलटसुलट करून बघितला. वटायला पाच आठवडे लागले आणि वर शुल्क कापलं गेलं. आता ते पैसे वकीलबाईंच्या मार्फत दर तीन महिन्यांनी एकदम येतात. तुमचं प्रकरण तिकडे उभं राहिलं तर पैसे भारतात कोणत्या वाटेनं येणार, हे हुकुमाच्या आधी ठरवून घ्या.

राहिले ते ६ लाख २४ हजार. ते इथेच वसूल करायचे होते आणि त्यासाठी दाजींच्या नावावर इथे काय आहे ते बघायचं होतं. सासऱ्यांच्या मिळकतीला हात लागत नाही, ती त्यांची. पण दाजींच्या नावावर पावणेदोन एकर होतं. bhulekh.mahabhumi.gov.in वर सातबारा बघता येतो, मी दर महिन्याला बघायचो. एक वेडी सवय, मान्य. वसुलीच्या अर्जाला एक मुदत असते. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर तिच्यासाठी वॉरंट निघत नाही. डिसेंबर २०२१ च्या निकालाचा अर्ज आम्ही नोव्हेंबर २०२२ मध्ये टाकला, अकराव्या महिन्यात, तेही वकिलांच्या कारकुनानं सहज विचारलं म्हणून. पुढच्या वर्षी दुसरा टाकला.

आणि मग २०२४ च्या दिवाळीत सातबाऱ्यावर फेरफार प्रलंबित दिसला. दाजींनी मुखत्यारपत्र पाठवून भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं. फेरफाराच्या नोटिशीला पंधरा दिवसांत हरकत घेता येते. अकराव्या दिवशी बाबा आणि ताई तलाठ्याकडे लेखी हरकत घेऊन गेले, सोबत कोर्टाच्या निकालाची आणि वसुली अर्जाची प्रत. नोंद अडकली. त्याच महिन्यात दाजींच्या भावाचा फोन आला, आपण बसून बोलू म्हणून. कोर्टात अडीच लाख भरले गेले. बाकी ३ लाख ७४ हजारांची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

न्यू जर्सीत नेमानं पोटगी वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत चालते, पुढे शिक्षण चालू असेल तर मागून घेता येते. भाचा आता नऊ वर्षांचा झालाय. चौथीत आहे. परवा त्यानं ताईला विचारलं, “हे पैसे बाबा पाठवतात का?” ताई म्हणाली, “त्यांच्या पगारातून येतात.” तो हो म्हणाला आणि खेळायला गेला.